थेंबे थेंबे गच्ची भिजे!

शनिवारची विरार फास्ट, त्यात खिडकीची सीट आणि मोबाईलवर आजीचा मिस्ड कॉल. एवढं सगळं जुळून आलं की समजायचं, राजोडीला काहीतरी बिनसलंय. पोचले तर मामी स्वयंपाकघराच्या नळाखाली स्टीलचा पेला धरून उभी. पाणी चहाच्या रंगाचं आणि त्याला खताचा वास.

"टाकी आजच धुतलीय गं," ती म्हणाली. "खालचा व्हॉल्व्ह बंद करून धुतली. मग हे पाणी आलं कुठून?"

आलं होतं गच्चीवरून, मोगऱ्याच्या पिंपांतून.

मामाची जुनी वाडी आता घरांमध्ये वाटली गेलीय, पण आजीचा मोगरा सुटलेला नाही. गच्चीवर ४० अर्धी कापलेली प्लॅस्टिकची पिंपं आहेत आणि त्यांना ती रोज पहाटे बादलीने पाणी घालायची. गुडघ्यांनी संप पुकारल्यावर मामाने ठिबकचं सामान आणलं आणि एका रविवारी घरच्या पाइपाला टी मारून सरळ जोडून टाकलं. मध्ये एक साधा नळ, बस्स. फिल्टर नाही, रेग्युलेटर नाही, उलट पाणी अडवणारा व्हॉल्व्ह तर नाहीच.

खताचं पाणी खाली कसं आलं, ते आधी समजून घेऊ. टाकी गच्चीवर, तिच्याखाली प्रेशर पंप, तिथून पाइप दोन मजले खाली स्वयंपाकघरात जातो. टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला, की वरून नवं पाणी येणं थांबतं. अशा वेळी खालचा नळ उघडला, तर पाइपात भरलेलं पाणी स्वतःच्या वजनाने खाली धावतं आणि मागे ओढ निर्माण करतं. स्ट्रॉने सरबत ओढतो ना, अगदी तसंच. ही ओढ जिथे वाट मिळेल तिथून भरून निघते. आमच्याकडे मोकळी वाट एकच होती, ती म्हणजे ओल्या मातीत टेकलेले ऐंशी ड्रिपर. त्यांच्या छिद्रांतून माती, शेवाळ आणि मामीने आदल्या दिवशी घातलेलं विद्राव्य खत उलटं ओढलं गेलं, ते थेट पिण्याच्या पाण्यात.

म्हणून सगळ्यात पहिला भाग नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, आपल्या दुकानदाराच्या भाषेत एनआरव्ही. पाणी एकाच दिशेने सोडायचं, परतीची वाट बंद. त्याच्या अंगावर बाण असतो, तो झाडांकडे असायला हवा.

आम्ही जोडणीचा क्रम असा ठेवला: टी, मग बंद-चालू करायचा बॉल व्हॉल्व्ह, मग एनआरव्ही, मग फिल्टर, मग प्रेशर रेग्युलेटर आणि शेवटी हेडर, म्हणजे ज्या जाड नळीतून बारीक नळ्या पिंपांकडे फुटतात ती. एनआरव्ही फिल्टरच्या आधी घेतला, कारण फिल्टरमध्ये अडकलेला गाळही घराकडे परतायला नको. फिल्टर रेग्युलेटरच्या आधी, कारण रेग्युलेटरच्या आतल्या स्प्रिंग आणि पडद्यात कचरा अडकला की तो एकतर उघडा राहतो, नाहीतर बंद. फिल्टर १२० मेशचा. त्याची जाळी इतकी बारीक असते, की ड्रिपरचा बारीक मार्ग बुजवणारे कण अलीकडेच थांबतात.

रेग्युलेटर कशाला, असं मामाने विचारलं. त्याचं उत्तर त्याच्याच गच्चीवर होतं. पंपाजवळ गेज लावून पाहिलं तर दाब दोन बारच्या वर. ठिबकच्या बारीक नळ्या नुसत्या दाबून बसवलेल्या असतात, त्यांना साधारण एक बार पुरतो. आदल्याच आठवड्यात एक जोड निसटून नळी नागासारखी नाचली होती आणि शेजारच्यांचे वाळत घातलेले कपडे दुसऱ्यांदा धुऊन निघाले होते! आम्ही एक बारचा तयार रेग्युलेटर घेतला, त्यावरही बाण पाहून.

आता हिशोब. प्रत्येक पिंपाला दोन ड्रिपर, एकूण ८०. प्रत्येक ड्रिपर एक बार दाबाला तासाला ४ लिटर देतो, म्हणजे सगळे मिळून ३२० लिटर. वीस मिनिटं चालवलं तर प्रत्येक पिंपाला पावणेतीन लिटरच्या आसपास आणि टाकीतून साधारण १०७ लिटर. मामा म्हणाला, "अर्धी पिंपं सकाळी, अर्धी संध्याकाळी करू." करून बघितलं तर पंप ठक-ठक करत दर काही सेकंदांनी चालू-बंद व्हायला लागला. पाण्याची मागणी फार कमी झाली की असं होतं आणि पंपाची वाट लागते. म्हणून सगळी पिंपं एकदमच.

जोडणी झाली, हे ठीक. पण ती बरोबर झालीय हे कसं कळणार? त्यासाठी आजीच्या चहाच्या पेल्याने काम भागलं. एका ड्रिपरखाली पेला ठेवून तीन मिनिटं मोजायची. २०० मिली पाणी पडायला हवं. हेडरच्या पहिल्या ड्रिपरखाली आणि शेवटच्या ड्रिपरखाली असं दोनदा मोजा. सगळीकडेच कमी पडलं, तर फिल्टर उघडून धुवा. एकाच ठिकाणी कमी असेल, तर तो ड्रिपर तुंबलाय. फक्त शेवटाकडे कमी असेल, तर मधे कुठेतरी गळतंय.

एनआरव्हीची परीक्षा आणखी मजेशीर. पंप बंद, टाकीचा व्हॉल्व्ह बंद, ठिबकचा बॉल व्हॉल्व्ह मात्र उघडा. हेडरचं टोक उघडून पाण्याने भरलेल्या मगात बुडवायचं आणि खाली स्वयंपाकघरातला नळ सोडायचा. मगातलं पाणी खाली जायला लागलं, तर व्हॉल्व्ह पाणी मागे सोडतोय. आमचा मग दहा मिनिटं जसाच्या तसा राहिला. मामीने तरी आणखी पाच मिनिटं पाहरा दिला.

दोन गोष्टी मात्र कान धरून लक्षात ठेवायच्या. एक, एनआरव्ही कायमचा विश्वासू नसतो. त्याच्या रबरात वाळूचा एक कण अडकला तरी तो फितूर होतो, म्हणून मगाची परीक्षा दर काही महिन्यांनी. आणि याच कारणाने या लायनीत खत सोडायचं नाही. आमच्याकडे आता खत मगाने हाताने घालतात, नंतर. लायनीतूनच द्यायचं असेल, तर ठिबकसाठी वेगळी छोटी टाकी ठेवा आणि तिच्यात घरचा नळ पाण्याच्या वरूनच पडू द्या. मधली मोकळी हवा कधीच उलटी वाहत नाही.

दोन, तुमच्याकडे पंप नसेल आणि टाकी गच्चीपेक्षा जेमतेम दोन मीटर उंच असेल, तर दाब मिळतो फक्त ०.२ बार, कारण दहा मीटर उंचीला साधारण एक बार. तिथे रेग्युलेटर लावू नका, तो दाब वाढवत नाही, उलट थोडा खातो. एनआरव्हीही कडक स्प्रिंगचा नको, सहज उघडणारा झडपेचा घ्या आणि आडवा बसवा. ड्रिपर कमी दाबाला चालणारे मागा.

रविवारी संध्याकाळी निघताना आजीने कागदात बांधलेल्या मोगऱ्याच्या कळ्या हातात दिल्या. "बादली कुठे ठेवलीस गं?" तिने मामीला विचारलं. मामी म्हणाली, "माळ्यावर." आजी क्षणभर गप्प झाली, मग म्हणाली, "असू दे. तुमचा तो पंप बंद पडला, तर लागेल."