एक्स-रे नॉर्मल आला, तरी मनगट का दुखतंय?

समजा, २२ वर्षांचा एक तरुण पावसात दुचाकीवरून घसरतो. तोल सावरायला उजवा हात पुढे जातो आणि सगळा भार टेकलेल्या तळहातावर येतो. मनगटाला थोडी सूज असते, पण हात वाकडा दिसत नाही, बोटंही नीट हलतात. दवाखान्यात समोरून एक आणि बाजूने एक असे मनगटाचे दोन एक्स-रे निघतात. दोन्हींत काही सापडत नाही. ‘मुरगळलंय’ असं सांगून त्याला क्रेप बँडेज आणि दुखण्याच्या गोळ्या दिल्या जातात. अशा वेळी हाडांचे अनुभवी डॉक्टर फिल्म बाजूला ठेवून पुन्हा हात तपासतात, कारण त्यांच्या मनात स्कॅफॉइड नावाच्या एका छोट्या हाडाची शंका असते.

मनगटात आठ लहान हाडं दोन ओळींत बसलेली असतात. स्कॅफॉइड हे अंगठ्याच्या बाजूचं हाड या दोन्ही ओळींना जोडतं. म्हणूनच तळहातावर पडताना त्याच्यावर ताण येतो आणि या आठांपैकी सर्वांत जास्त वेळा तेच मोडतं. अंगठा ताठ वर उचलला की त्याच्या मुळाशी दोन कंडरा ताणल्या जातात आणि त्यांच्यामध्ये खळगा पडतो. त्या खळग्याच्या तळाशी हेच हाड असतं. तिथे दाबून पाहायचं, मग तळहाताच्या बाजूने अंगठ्याच्या मुळाखाली हाताला लागणारा या हाडाचा उंचवटा दाबायचा आणि शेवटी अंगठा सरळ धरून मनगटाच्या दिशेने हलकेच रेटायचा. नुसता खळगा दुखण्याला इतरही कारणं असू शकतात. पण तिन्ही ठिकाणी दुखलं, तर शंका पक्की धरावी लागते.

मग फिल्ममध्ये काही का दिसलं नाही? पहिलं कारण हाडाच्या ठेवणीत आहे. स्कॅफॉइड मनगटात सरळ उभं नसतं. ते तळहाताकडे सुमारे ४५ अंशांनी झुकलेलं असतं. समोरून घेतलेल्या फिल्ममध्ये त्याची लांबी आखडलेली दिसते आणि एक भाग दुसऱ्यावर चढतो. बाजूच्या फिल्ममध्ये तर शेजारची हाडं त्याला झाकून टाकतात. शिवाय फट दिसायला क्ष-किरण तिच्या पातळीतूनच पार व्हावे लागतात. दाराच्या तिरक्या फटीतून पलीकडचा उजेड ठरावीक जागी उभं राहिल्यावरच दिसतो आणि दोन पावलं सरकलं की दार अखंड वाटतं, तसंच इथेही होतं.

यावर उपाय म्हणजे स्कॅफॉइडसाठी वेगळे एक्स-रे. तळहात प्लेटवर पालथा टेकवून मनगट करंगळीच्या बाजूला वळवलं की झुकलेलं हाड उठतं आणि त्याची पूर्ण लांबी समोर येते. तशाच स्थितीत एक्स-रेची नळी कोपराकडे २० ते ३० अंश कलवून आणखी एक फिल्म घेतात. बहुतेक फ्रॅक्चर या हाडाच्या मधल्या, बारीक भागात आडवी जातात. नळी अशी कलवली की किरण त्या आडव्या फटीतून सरळ जाऊ शकतात. जोडीला हात तिरका ठेवून घेतलेली एक फिल्म असते. साध्या दोन फिल्म्सच्या जागी अशा चार-पाच दिशांनी पाहिल्यावर कित्येक फ्रॅक्चर उघड होतात. मात्र चिठ्ठीवर नुसतं ‘मनगट’ लिहिलं असेल, तर तंत्रज्ञ नेहमीच्या दोनच फिल्म काढतो. म्हणून शंका असेल तर चिठ्ठीवर ‘स्कॅफॉइड व्ह्यू’ असं स्पष्ट लिहावं लागतं.

फिल्म वाचतानाही सावध राहावं लागतं. डॉक्टर हाडाची बाहेरची कडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजरेने गिरवतात आणि ती कुठे तुटते का, पायरी पडते का, हे पाहतात. कधी एखादी काळसर रेघ हाड ओलांडून शेजारच्या हाडावरही जाते. ती बहुधा दोन सावल्या एकमेकींवर पडल्याने उमटलेली असते. खरी फट हाडाच्या हद्दीतच राहते आणि एकापेक्षा जास्त फिल्म्समध्ये सापडते.

आता आपल्या तरुणाचे स्कॅफॉइड व्ह्यूसुद्धा नॉर्मल आले असं धरू. असंही घडतं, आणि हेच दुसरं कारण. हाडाचे दोन तुकडे जागचे हलले नसतील, तर मोडलेल्या कडा एकमेकींना चिकटून असतात. किरण अडवणारं हाड तेवढंच राहतं, त्यामुळे फिल्मवर फरक उमटत नाही. प्रत्यक्षात असलेल्या फ्रॅक्चरपैकी पाचातलं एकापर्यंत पहिल्या फिल्ममध्ये अशी लपून राहू शकतात. पुढच्या दिवसांत शरीर मोडलेल्या कडांवरचं मृत हाड शोषून घेतं आणि फट थोडी रुंदावते. म्हणून १० ते १४ दिवसांनी पुन्हा फिल्म काढतात. या तरुणाला तोपर्यंत मनगट स्थिर ठेवणारी पट्टी किंवा प्लास्टर घालतात. बाराव्या दिवशीच्या फिल्ममध्ये हाडाच्या मध्यावर बारीक काळी रेघ दिसते. तुकडे किती सरकलेत हे सीटी स्कॅनमध्ये नीट कळतं. ते जागेवर असतील, तर साधारण ८ ते १२ आठवडे प्लास्टर पुरतं. सरकले असतील, तर स्क्रू घालण्याचा विचार होतो.

दुसरी फिल्मही कधी चुकवते. तरीही दुखणं राहिलं, तर एमआरआय करतात. हाडाच्या आत मार लागून आलेली सूज त्यात एक-दोन दिवसांतच दिसते, त्यासाठी फट रुंदावण्याची वाट पाहावी लागत नाही. याची उलट बाजूही महत्त्वाची आहे. शंका आहे पण फिल्म नॉर्मल, अशा बहुतेकांना अखेरीस फ्रॅक्चर नसतंच. ज्याची रोजची कमाई हातावर आहे, त्याला दोन आठवडे प्लास्टरमध्ये बसवण्यापेक्षा लवकर केलेला एमआरआय कधी कधी स्वस्त पडतो.

एवढी काळजी घेण्याचं कारण या हाडाच्या रक्तपुरवठ्यात आहे. त्याच्या सुमारे तीन चतुर्थांश भागाला रक्त पुरवणाऱ्या रक्तवाहिन्या बोटांकडच्या अर्ध्या भागात आत शिरतात आणि उलट्या, कोपराच्या दिशेने जातात. मध्यावर मोडलं की मागच्या तुकड्याचं रक्त कमी होतं किंवा तुटतं. तो तुकडा मरू शकतो किंवा हाड जुळतच नाही. उपचाराला चार आठवड्यांहून उशीर झाला, तर ही शक्यता बरीच वाढते. न जुळलेल्या हाडामुळे मनगटाची रचना हळूहळू बिघडते आणि काही वर्षांनी तरुण वयातच सांधा झिजतो. तोवर मूळची पडझड रुग्णाच्या लक्षातही नसते.

म्हणून तळहातावर पडल्यानंतर अंगठ्याच्या मुळाचा खळगा दुखत असेल, तर नॉर्मल रिपोर्ट घेऊन निघण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: स्कॅफॉइडचे वेगळे व्ह्यू घेतले का, तोपर्यंत मनगट कशात बांधायचं, आणि पुन्हा तपासणी कोणत्या तारखेला. दुखणं कमी झालं तरी त्या तारखेला जा, कारण हाड मोडलेलं असतानाही दुखणं ओसरू शकतं.