फोटोतली आकृती आणि कागदावरचा मनोरा

दहावीचं वर्ष असलेल्या घरांत गणित अडलं की हल्ली पहिली गोष्ट होते ती पुस्तकाच्या पानाचा फोटो काढण्याची. तो फोटो मामाला, मोठ्या बहिणीला नाहीतर क्लासच्या सरांना जातो. त्रिकोणमितीच्या प्रकरणात ‘उंची आणि अंतर’ हा भाग आला की असे फोटो जरा जास्तच येतात. फोटो पाहून झटपट दिलेली उत्तरंही बरीच येतात आणि त्यातली काही चुकतात. सूत्र बहुतेकांना येत असतं. चूक आकृती वाचण्यात होते, म्हणून इथे एकच उदाहरण घेऊन तो भाग नीट पाहू.

उदाहरण असं आहे: १२ मीटर उंचीच्या इमारतीच्या गच्चीवरून समोरच्या मनोऱ्याच्या टोकाकडे पाहताना ६० अंशांचा उन्नत कोन होतो आणि त्याच मनोऱ्याच्या पायथ्याकडे पाहताना ३० अंशांचा अवनत कोन होतो. तर मनोऱ्याची उंची किती? इमारत आणि मनोरा यांतलं अंतर किती?

शेजारी आकृती छापलेली असते. डावीकडे बुटकी इमारत, उजवीकडे उंच मनोरा. गच्चीपासून मनोऱ्याच्या टोकापर्यंत एक तिरकी रेषा आणि पायथ्यापर्यंत दुसरी. या दोन्ही दृष्टिरेषा. त्यांच्यामध्ये गच्चीच्या पातळीतून निघून मनोऱ्याला जाऊन मिळणारी एक आडवी रेषा असते, ती बहुधा तुटक आणि बारीक छापलेली. सगळं उदाहरण या तुटक रेषेवर उभं आहे आणि फोटोत सर्वांत आधी गायब होते तीही हीच. ट्यूबलाइटचा प्रकाश गुळगुळीत पानावर चमकतो, फोटो पाठवताना त्याचा तपशील कमी होतो, आणि उरतात गच्चीतून निघणाऱ्या दोनच रेषा. त्यांच्या बेचक्यात ६० आणि ३० असे दोन आकडे लटकलेले दिसतात.

एकाच कोनात दोन आकडे दिसले, तर मधली रेषा हरवली आहे असं समजावं. पण घाईत असलेला मुलगा तसं समजत नाही. त्याला गच्चीखाली इमारतीची उभी भिंत ठळक दिसते, पायथ्याकडे जाणारी रेषाही ठळक दिसते, म्हणून तो ३० हा आकडा त्या दोघींच्या मधला धरतो. म्हणजे आडव्या रेषेपासून मोजायचा कोन तो उभ्या भिंतीपासून मोजतो.

“पण मामा, आकृतीत तिथेच तर लिहिलंय!” असं माझी भाची मोठ्या खात्रीने म्हणाली होती. तिच्या फोटोत खरोखरच तसं दिसत होतं. म्हणून फोटोतल्या आकृतीकडे पाहण्याआधी शब्द वाचायचे. उन्नत कोन असो की अवनत, दोन्ही डोळ्यांच्या पातळीतल्या क्षितिजसमांतर रेषेपासूनच मोजतात; एक वर, दुसरा खाली. उदाहरणाच्या मजकुरात ‘अवनत कोन’ हे शब्द असतील, तर फोटोत आकडा कुठेही सरकलेला दिसो, त्या कोनाची एक भुजा आडवीच असणार.

फोटोवर कोनमापक ठेवून पाहू, असंही काहींना वाटतं. ते करू नये. मुळात पुस्तकातली आकृती नेहमी मापात काढलेली असतेच असं नाही. ती अगदी मापात असली, तरी फोन तिरका धरला की मापं बदलतात. फोन पुढे किंवा मागे सुमारे ३७ अंश कलला, तर उभी मापं साधारण एक पंचमांशाने आखडतात आणि आडवी तशीच राहतात. अशा फोटोत ६० अंशांचा कोन सुमारे ५४ अंशांचा भरतो, ३० अंशांचा २५ अंशांच्या आसपास येतो आणि दोन दृष्टिरेषांमधला काटकोन ७९ अंशांवर घसरतो. आकृती पुस्तकाच्या शिवणीजवळ असेल तर कागदाच्या वळणाने सरळ रेषाही वाकतात. इमारत आणि मनोरा या समांतर रेषा वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकलेल्या दिसल्या, तर फोटो तिरका आहे हे लगेच कळतं. अशा फोटोवरून फक्त कोणता बिंदू कशाला जोडला आहे एवढंच घ्यावं, मापं घेऊ नयेत.

आता कोऱ्या कागदावर आकृती नव्याने काढू. आधी खाली जमिनीची आडवी रेषा. तिच्यावर डावीकडे इमारत AB उभी करा, A गच्चीवर आणि B जमिनीवर. उजवीकडे मनोरा CD, C टोकाशी आणि D पायथ्याशी. मग A पासून जमिनीला समांतर अशी रेषा काढा, ती मनोऱ्याला E मध्ये छेदेल. ही रेषा तुटक काढू नका, ठळकच काढा. आता A पासून C ला आणि D ला रेषा जोडा. आडव्या AE च्या वरचा कोन EAC हा ६० अंशांचा, खालचा कोन EAD हा ३० अंशांचा. E पाशी काटकोनाची खूण करा.

एवढं केल्यावर उदाहरण जवळपास सुटलेलं असतं. ABDE हा आयत आहे, म्हणून ED ही इमारतीइतकीच, १२ मीटर, आणि AE म्हणजेच जमिनीवरचं अंतर BD. मनोऱ्याचे दोन तुकडे झाले: गच्चीच्या पातळीखालचा ED आणि वरचा CE. खालच्या काटकोन त्रिकोणात

tan ३०° = ED ÷ AE, म्हणजे १ ÷ √३ = १२ ÷ AE, म्हणून AE = १२√३ मीटर.

वरच्या त्रिकोणात

tan ६०° = CE ÷ AE, म्हणजे √३ = CE ÷ १२√३, म्हणून CE = १२ × ३ = ३६ मीटर.

मनोऱ्याची उंची १२ अधिक ३६, म्हणजे ४८ मीटर. √३ ची किंमत १.७३ धरली तर अंतर २०.७६ मीटर. ही किंमत शेवटीच घालावी. मधेच २०.७६ लिहून त्याला पुन्हा १.७३ ने गुणलं तर ३६ ऐवजी ३५.९१४८ येतात, आणि मुलं उगाच बुचकळ्यात पडतात.

३० अंशांचा कोन भिंतीपासून मोजणाऱ्याचं काय होतं तेही पाहू. त्याच्या त्रिकोणात अंतर येतं १२ ÷ √३, म्हणजे सुमारे ६.९३ मीटर. त्याला tan ६०° ने, म्हणजे √३ ने गुणलं की वरचा तुकडा बरोबर १२ मीटर आणि मनोरा २४ मीटर. उंची बरोबर निम्मी झाली, आणि तरीही उत्तर अगदी स्वच्छ पूर्णांकात आलं! मला या उदाहरणातली सर्वांत महत्त्वाची जागा हीच वाटते. ‘उत्तर नीट सुटलं म्हणजे बरोबर असणार’ हा विद्यार्थ्यांचा मोठा आधार असतो. पण ३०, ४५, ६० या कोनांच्या जगात चुकीची वाटही बऱ्याचदा सुबक आकड्यावर जाऊन थांबते. म्हणून पडताळा वेगळा घ्यावा लागतो.

पहिला पडताळा नुसत्या डोळ्यांचा आहे. २४ मीटरच्या उत्तरात मनोऱ्याचा वरचा तुकडा १२ आणि खालचाही १२. एकाच ठिकाणाहून, एकाच अंतरावरून पाहताना वरचा आणि खालचा भाग सारखा असेल, तर वर आणि खाली पाहण्याचे कोनही सारखेच असायला हवेत. उदाहरणात मात्र ते ६० आणि ३० आहेत. म्हणजे उत्तर चुकलं, हे कळायला गणित करायचीही गरज नाही. आणि tan ६०° ही किंमत tan ३०° च्या बरोबर तिप्पट असल्याने वरचा तुकडा खालच्याच्या तिप्पट, म्हणजे मनोरा इमारतीच्या चौपट, हवा. ४८ हे उत्तर या कसोटीला उतरतं.

दुसरा पडताळा कोनांचा. A पाशी ६० आणि ३० मिळून ९० अंश होतात, म्हणजे CAD हा काटकोन त्रिकोण आहे. त्यात AE हा कर्णावरचा लंब. दहावीच्याच पुस्तकातलं भूमितीमध्याचं प्रमेय सांगतं, की लंबाचा वर्ग हा कर्णाच्या दोन तुकड्यांच्या गुणाकाराएवढा असतो. १२√३ चा वर्ग ४३२, आणि १२ × ३६ हेही ४३२. चुकीच्या आकृतीत A पाशी १२० अंशांचा कोन होतो, तिथे हा मेळ बसत नाही.

तिसरा पडताळा मला सर्वांत आवडतो, कारण त्यात त्रिकोणमिती लागतच नाही. १ सेंटिमीटर म्हणजे ४ मीटर असं प्रमाण घ्या. इमारत ३ सेंटिमीटरची काढा. गच्चीतून आडवी रेषा काढून तिच्याखाली कोनमापकाने ३० अंशांची रेषा ओढा. ती जमिनीला लागते तिथे D, आणि तिथून गुण्या लावून सरळ वर लंब काढा. मग गच्चीतून आडव्या रेषेच्या वर ६० अंशांची रेषा ओढा, ती लंबाला छेदेल तिथे C. आता पट्टीने CD मोजा. १२ सेंटिमीटरच्या आसपास भरेल, म्हणजे ४८ मीटर. अगदी नेमका आकडा मिळेलच असं नाही. ६० अंशांचा कोन काढताना एका अंशाची चूक झाली, तर या प्रमाणात उंची सुमारे साडेतीन मिलिमीटरने, म्हणजे जवळजवळ दीड मीटरने, बदलते. उन्नत कोन जितका मोठा, तितकी ही चूक जास्त फुगते. पण २४ मीटरच्या मनोऱ्याला कागदावर सहाच सेंटिमीटर लागले असते, आणि सहा व बारा यांतला फरक हाताच्या चुकीने झाकला जात नाही.

काही पुस्तकांत ३० हा आकडा गच्चीजवळ न लिहिता मनोऱ्याच्या पायथ्याशी, D पाशी, जमिनीच्या बाजूला लिहिलेला असतो. तेही बरोबरच आहे. AE आणि BD समांतर असल्याने EAD आणि ADB हे व्युत्क्रम कोन आहेत, दोन्ही ३० अंशांचे. कुठल्याही जागेवरून सोडवलं तरी अंतर १२√३ च येतं. फक्त तोच आकडा D पाशी मनोऱ्याच्या बाजूला वाचला गेला, तर पुन्हा जुनीच चूक होते.

ज्या फोटोत आकृती आहे पण उदाहरणाचा मजकूर कापला गेला आहे आणि आडवी रेषा पुसट आहे, त्यावरून ३० चा आकडा कुठल्या कोनाचा हे कितीही जाणकार माणसाला खात्रीने सांगता येणार नाही. अशा वेळी अंदाजाने सोडवू नये, मजकूर मागून घ्यावा. आणि फोटो पाठवणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: पान सपाट ठेवा, फोन पानाला समांतर धरा, फ्लॅश बंद करा, आणि आकृतीबरोबर उदाहरणाची सगळी वाक्यंही फोटोत येऊ द्या.