रांगेतला शेवटचा कागद

रुग्णालयाच्या औषध विभागात सकाळी आठला पाळी बदलते, तेव्हा संगणकावर रात्रीपासून थांबलेल्या ऑर्डरी असतात आणि खिडकीवर माणसं. रात्रपाळीचा फार्मासिस्ट काय झालं, काय राहिलं ते सांगून निघतो. दिवसपाळीला आलेली फार्मासिस्ट खुर्चीत बसल्या बसल्या पहिली ऑर्डर उघडत नाही. आधी पूर्ण यादी वरपासून खालपर्यंत वाचून काढते.

समजा, तालुक्याच्या गावातलं शंभरेक खाटांचं रुग्णालय आहे. यादीत सगळ्यात वर पहाटे साडेपाचला आलेला सर्जिकल वॉर्डचा इंडेंट आहे: सलाइन, सिरिंज, हातमोजे. मध्येच कुठेतरी 7:52 ला अपघात विभागातून आलेली सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन इंजेक्शनची ऑर्डर दिसते. तीन वर्षांचं मूल, ताप, आकडी येऊन गेलेली, मेंदूज्वराचा संशय. अगदी तळाला एक डिस्चार्जचा कागद, संधिवाताच्या 58 वर्षांच्या बाईंचा. खिडकीवर सर्वांत मोठा आवाज त्यांच्याच मुलाचा आहे, कारण साडेनऊची एसटी चुकली तर पुढची दुपारी.

आल्या क्रमाने काम केलं तर हातमोजे आधी जातील, आवाजाच्या क्रमाने केलं तर डिस्चार्ज. फार्मासिस्ट प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारते: हे औषध तासभर उशिरा पोचलं तर रुग्णाचं काय होईल? मेंदूज्वरात प्रतिजैविकाचा पहिला डोस रुग्ण आल्यापासून तासाभरात जावा, असा प्रयत्न असतो. म्हणून मूल पहिलं. त्यानंतर आयसीयूत संपत आलेलं, रक्तदाब धरून ठेवणारं औषध. मग न्याहारीआधीचं इन्सुलिन, मग डिस्चार्ज, आणि शेवटी इंडेंट.

घाई असली तरी तपासणी सुटत नाही. मुलाच्या ऑर्डरीत डोस 600 मिलिग्रॅम लिहिलाय, पण वजनाचा रकाना रिकामा आहे. ती फोन लावते. "बारा किलो," सिस्टर सांगतात. "एक-दोन बारा?" ती पुन्हा विचारून घेते. किलोमागे 50 मिलिग्रॅमने हिशेब 600 वरच येतो. मुलाला या औषधाची अ‍ॅलर्जी नाही, हेही त्याच फोनवर विचारून होतं. बाटली मात्र एक ग्रॅमची. घाईत आख्खी बाटली दिली जाऊ नये म्हणून लेबलवर 600 हा आकडा ठळक लिहिला जातो. मग ती सहकाऱ्यापुढे कागद आणि बाटली ठेवते आणि हिशेब नव्याने करायला सांगते. "सहाशे बरोबर आहे ना?" असं विचारलं तर समोरचा मान डोलावतो, आणि मग दुसरी तपासणी नावापुरती उरते.

वॉर्डचे मामा इंजेक्शन घेऊन धावतात. ऑर्डर अजून यादीतच आहे. सिस्टरांनी मुलाचं नाव आणि नोंदणी क्रमांक ताडून ते हातात घेतल्यावरच "पूर्ण" नोंद होते. पुष्कळ ठिकाणी बिल झालं की हे बटण दाबून टाकायची सवय असते. तसं केलं की ओळ यादीतून जाते आणि औषध टेबलावर पडून राहिलं तरी कुणाला कळत नाही.

आता तो तळाचा कागद. मेथोट्रेक्सेट 7.5 मिलिग्रॅम, रोज एक, 15 दिवस. गोळीची ताकद नेहमीचीच, त्यामुळे वरवर काही खटकत नाही. फार्मासिस्टचा हात थांबतो तो गोळ्यांच्या संख्येवर. संधिवातात हे औषध आठवड्यातून एकदाच घेतात. महिन्याला चार डोस लागतात, मग या ताकदीच्या पंधरा गोळ्या कशाला? तीच गोळी रोज पोटात गेली तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात, आणि अशाने माणसं दगावलेली आहेत.

उशिराने या बाईंचं फारसं बिघडणार नव्हतं, म्हणून पाळी शेवटी आली. चुकीने मात्र जीव गेला असता. रांगेतली जागा उशिराच्या धोक्यावरून ठरते, पण तपासणी किती खोल करायची ते चुकीच्या धोक्यावरून. हे दोन्ही एकच मानलं की शांत दिसणारे कागद भराभर उरकले जातात.

ती डॉक्टरांना फोन करते. संगणकाच्या यादीतून "आठवड्यातून एकदा" ऐवजी "रोज" निवडलं गेलं होतं. दुरुस्त ऑर्डर येते: चार गोळ्या, चार आठवडे. मग ती मुलाला नाही, बाईंनाच विचारते, "काकू, ही गोळी घरी कधी घेता?"

"रविवारी. बाजाराच्या दिवशी."

पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहिलं जातं: फक्त रविवारी, एक गोळी. पट्टी कापताना मुदतीची तारीख उरलेल्या तुकड्यावर राहून जाते, म्हणून तीही बॅच क्रमांकासह पाकिटावर उतरते. बाई पाकीट हातात घेऊन "रविवारी, एकच" असं स्वतःच्या तोंडाने सांगतात, तेव्हा 9:10 ला "पूर्ण" दाबलं जातं. मायलेक एसटी स्टँडकडे निघतात आणि सर्जिकल वॉर्डचा इंडेंट उघडतो.