डेन की डेम? मराठीतला ‘ला’ काय सांगतो

घरमालक विद्यार्थ्याला किल्ली देतो. जर्मनीत शिकायला जाणाऱ्या कोणाच्याही पहिल्या आठवड्यात घडणारी ही गोष्ट जर्मनमध्ये अशी सांगतात: ‘डेअर फेअरमीटर गिप्ट डेम श्टुडेंटेन डेन श्ल्युसल’. फेअरमीटर म्हणजे घरमालक, श्टुडेंट म्हणजे विद्यार्थी आणि श्ल्युसल म्हणजे किल्ली. ही तिन्ही नामं जर्मनमध्ये पुल्लिंगी आहेत, त्यामुळे शब्दकोशात तिघांच्याही आधी ‘डेअर’ हेच आर्टिकल छापलेलं असतं. वाक्यात आल्यावर मात्र देणाऱ्याकडे ‘डेअर’ राहतं, ज्याला मिळतं त्याचं ‘डेम’ होतं आणि जी वस्तू दिली जाते तिचं ‘डेन’.

मराठी माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. शाळेत ‘स, ला, ते, स, ला, ना, ते’ घोकलेलं असतंच. नामाचं वाक्यातलं नातं प्रत्ययाने दाखवायचं, ही कल्पना आपल्या अंगवळणी पडलेली आहे. फरक जागेचा आहे. मराठीत खूण नामाच्या शेवटी चिकटते, तर जर्मनमध्ये ती बहुतेक वेळा नामाच्या आधीच्या आर्टिकलमध्ये दिसते आणि नाम जवळजवळ जसंच्या तसं राहतं. शिवाय शालेय व्याकरणातल्या आठ विभक्तींऐवजी जर्मनमध्ये चारच आहेत: कर्त्याची नॉमिनाटिफ, कर्माची आकुझाटिफ, ‘ज्याला’ची डाटिफ आणि ‘ज्याचा’ची गेनिटिफ.

खूण स्पष्ट असली की शब्द हलवता येतात. ‘विद्यार्थ्याला घरमालक ओळखतो’ असं म्हटलं तरी ओळखणारा घरमालकच, हे मराठी वाचकाला सांगावं लागत नाही. जर्मनमध्येही ‘डेन श्टुडेंटेन केन्ट डेअर फेअरमीटर’ या वाक्यात विद्यार्थी पहिला आला असला तरी ‘डेन’मुळे तो कर्म ठरतो आणि ‘डेअर’मुळे घरमालक कर्ता. इंग्रजीच्या सवयीने पहिल्या नामालाच कर्ता समजणारा इथे अर्थ उलटा लावून बसतो. म्हणून जर्मन वाक्य मनात इंग्रजीत न फिरवता थेट मराठीत आणलेलं बरं.

पण याच दोन वाक्यांमध्ये मराठी विद्यार्थ्याची खरी अडचणही लपलेली आहे. किल्ली देताना ‘विद्यार्थ्याला’ आणि ओळखतानाही ‘विद्यार्थ्याला’. जर्मनमध्ये पहिल्या ठिकाणी ‘डेम श्टुडेंटेन’, तर दुसऱ्या ठिकाणी ‘डेन श्टुडेंटेन’. मराठीत द्वितीया आणि चतुर्थी यांचे प्रत्यय सारखेच आहेत. संस्कृतात मात्र ‘रामम्’ आणि ‘रामाय’ अशी दोन वेगळी रूपं होती. मराठीने ती एका ‘ला’मध्ये मिसळली आणि जर्मनने वेगळी ठेवली.

मिसळली, पण पूर्णपणे नाही. मराठीत कर्माला ‘ला’ सहसा माणसासाठी किंवा जनावरासाठी लागतो, वस्तूला सहसा लागत नाही. आपण ‘भावाला शोधतो’, पण ‘चष्मा शोधतो’. ‘मुलीला पाहतो’, पण ‘सिनेमा पाहतो’. देण्याघेण्याच्या वाक्यात मात्र वस्तू असली तरी ‘ला’ सुटत नाही. झाडालाही पाणी ‘झाडाला’च द्यावं लागतं.

यातून एक कामाची चाचणी निघते. जर्मन वाक्य बनवताना ‘ला’ आला की त्या माणसाच्या जागी एखादी निर्जीव वस्तू ठेवून पाहायची. ‘घरमालक विद्यार्थ्याला ओळखतो’च्या जागी ‘घरमालक रस्ता ओळखतो’ असं झालं, ‘ला’ गळून पडला, म्हणजे ते कर्म आहे आणि तिथे आकुझाटिफ, म्हणून ‘डेन’. ‘विद्यार्थ्याला किल्ली देतो’च्या जागी ‘संस्थेला किल्ली देतो’ असं झालं, ‘ला’ टिकला, म्हणजे तिथे डाटिफ, म्हणून ‘डेम’. ‘मित्राला मदत करतो’ हेही या चाचणीत बरोबर उतरतं, कारण ‘संस्थेला मदत करतो’ यात ‘ला’ राहतो आणि जर्मनचं ‘हेल्फेन’ हे क्रियापद डाटिफच मागतं. ‘उत्तर देणे’ म्हणजे ‘आन्टव्होर्टेन’, त्याचंही तसंच.

चाचणी कुठे फसते तेही माहीत असावं. विचारणे, फोन करणे आणि भेटणे ही रोजच्या वापरातली तीन क्रियापदं मराठीत ‘ला’ सोडत नाहीत. आपण कार्यालयालाही ‘विचारतो’ आणि कार्यालयालाही ‘फोन करतो’. जर्मनमध्ये मात्र ‘फ्रागेन’, ‘आनरूफेन’ आणि ‘ट्रेफेन’ या तिन्हींना आकुझाटिफ लागते. म्हणून प्राध्यापकांना विचारायचं असेल तर ‘इश फ्रागे डेन प्रोफेसोर’. इथे ‘डेम’ म्हटलं की ते मराठीतून आलेलं जर्मन आहे हे लगेच कळतं. उलट बाजूला ‘आभार मानणे’ आहे. मराठीत ‘प्राध्यापकांचे’ आभार मानतात, तर जर्मनमध्ये ‘डांकेन’ला डाटिफ लागते: ‘इश डांके डेम प्रोफेसोर’. ही क्रियापदं विभक्तीसकट पाठ करण्यावाचून इलाज नाही.

वस्तूला ‘ला’ न लावण्याच्या सवयीतून आणखी एक चूक उगवते, आणि सुरुवातीच्या परीक्षांमध्ये ती बहुधा सगळ्यात जास्त दिसत असावी. ‘मला अपॉइंटमेंट हवी आहे’ या वाक्यात मराठीत अपॉइंटमेंटला काहीही चिकटत नाही. त्यामुळे विद्यार्थी सहज ‘इश ब्राउखे आइन टेर्मीन’ म्हणून जातो. टेर्मीन पुल्लिंगी आहे आणि इथे ते कर्म आहे, म्हणून ‘आइनेन टेर्मीन’ हवं. जर्मनला वस्तू सजीव की निर्जीव याच्याशी देणंघेणं नाही. कर्म पुल्लिंगी एकवचनी असेल तर खूण दिसणारच. दिलासा एवढाच की आकुझाटिफमध्ये बदल फक्त पुल्लिंगी एकवचनात होतो. स्त्रीलिंगी ‘डी’ आणि नपुंसकलिंगी ‘डास’ तसेच राहतात.

म्हणूनच प्रत्येक नाम लिंगासकट शिकावं लागतं. मराठीतही तीन लिंगं असल्यामुळे ही कल्पना नवी नाही, पण लिंगं जुळतीलच असं नाही. आपली किल्ली स्त्रीलिंगी, त्यांचं श्ल्युसल पुल्लिंगी. आपलं टेबल नपुंसकलिंगी, त्यांचं टिश पुल्लिंगी. पुस्तक आणि ‘बूख’ मात्र दोन्हीकडे नपुंसकलिंगी. डाटिफमध्ये पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी नामांना ‘डेम’ लागतं आणि स्त्रीलिंगीला ‘डेअर’. म्हणजे पुल्लिंगी कर्त्याचं जे आर्टिकल, तेच इथे स्त्रीलिंगी नामापुढे येऊन बसतं. नामाचं लिंग माहीत नसेल तर ‘डेअर’ ऐकून कर्ता कोण हे ठरवता येत नाही.

‘श्टुडेंट’ या शब्दाची गंमत वेगळी आहे. मराठीत ‘विद्यार्थी’ला प्रत्यय लागण्याआधी त्याचं ‘विद्यार्थ्या’ असं सामान्यरूप होतं. बहुतेक जर्मन नामांना असं काही होत नाही, पण पुल्लिंगी नामांचा एक गट याला अपवाद आहे. श्टुडेंट त्याच गटातला, म्हणून कर्ता नसताना तो एकवचनातही ‘श्टुडेंटेन’ होतो. सहकारी म्हणजे ‘कोलेगे’ आणि शेजारी म्हणजे ‘नाखबार’ हेही त्याच वाटेने जातात. ‘श्री’ या अर्थाचा ‘हेर’ शब्दसुद्धा पाकिटावरच्या पत्त्यात ‘हेर्न’ असा लिहितात, कारण पत्र त्या व्यक्तीकडे जायचं असतं.

जागेविषयी बोलताना मराठीचा ‘त’ असाच दुहेरी ठरतो. ‘मी ग्रंथालयात जातो’ आणि ‘मी ग्रंथालयात बसतो’, दोन्हीकडे ‘ग्रंथालयात’. जर्मनमध्ये जाताना ‘इन डी बिब्लिओटेक’ म्हणतात आणि बसलेलं असताना ‘इन डेअर बिब्लिओटेक’. पुस्तक टेबलावर ठेवताना ‘आउफ डेन टिश’, ते टेबलावर असताना ‘आउफ डेम टिश’. ‘आत’, ‘वर’, ‘खाली’, ‘शेजारी’ अशा अर्थांच्या नऊ शब्दांना हा नियम लागू आहे: त्या जागेकडे हालचाल असेल तर आकुझाटिफ, तिथेच मुक्काम असेल तर डाटिफ. मराठीत दोन्हींना ‘कुठे’ हा एकच प्रश्न पुरतो. जर्मनमध्ये मुक्कामासाठी ‘वो’ आणि हालचालीसाठी ‘वोहिन’ असे दोन प्रश्न आहेत. दहावीला संस्कृत घेतलेल्यांना ‘ग्रामं गच्छति’ आणि ‘ग्रामे वसति’ आठवेल. तिथेही हालचालीला द्वितीयाच येते.

हालचाल दिसली की आकुझाटिफ, असा सरसकट नियम मात्र करू नये. ‘त्सू’ म्हणजे ‘कडे’, ‘आउस’ म्हणजे ‘आतून’ आणि ‘मिट’ म्हणजे ‘ने’ किंवा ‘सोबत’. या शब्दांमागे कायम डाटिफच येते. म्हणून ‘बसने’ म्हणजे ‘मिट डेम बुस’, बस कितीही धावत असली तरी. शहराच्या नावापुढे तर बहुधा आर्टिकलच नसतं, त्यामुळे ‘मी बर्लिनला जातो’मधल्या ‘ला’ची काळजी करायला नको. तिथे ‘नाख बेर्लीन’ म्हटलं की काम झालं.

एका बाबतीत मराठी मुलं इंग्रजी माध्यमाच्या सवयीवर सरळ मात करू शकतात. ‘मला थंडी वाजते’ यात थंडी ज्याला वाजते त्याला मराठी ‘मला’ म्हणते. जर्मनमध्येही ‘मिअर इस्ट काल्ट’. ‘मिअर’ म्हणजे डाटिफमधलं ‘मला’. इंग्रजीच्या वळणाने ‘इश बिन काल्ट’ म्हटलं तर ‘मी थंड काळजाचा आहे’ असा अर्थ निघतो. ‘मला शहर आवडतं’ हेही ‘मिअर गेफेल्ट डी श्टाट’ असं मराठीच्याच धाटणीने येतं. पण प्रत्येक ‘मला’ला ‘मिअर’ लावता येत नाही. ‘मला भूक लागली आहे’ आणि ‘मला ताप आहे’ ही वाक्यं जर्मनमध्ये ‘माझ्याकडे भूक आहे, ताप आहे’ अशी होतात. तिथे ‘इश हाबे’, म्हणजे कर्त्याची नॉमिनाटिफ.

भूतकाळात याच्या नेमकी उलटी सावधगिरी लागते. ‘विद्यार्थ्याने अर्ज भरला’ यात मराठी कर्त्याला ‘ने’ लावते आणि क्रियापद अर्जाप्रमाणे चालतं. फी असेल तर ‘भरली’. जर्मनमध्ये काळ कोणताही असो, कर्ता नॉमिनाटिफमध्येच राहतो आणि क्रियापद त्याच्याच मागे जातं: ‘डेअर श्टुडेंट हाट डेन आन्ट्राक आउसगेफ्युल्ट’. मराठी क्रियापद अर्जाच्या मागे गेलं म्हणून अर्जाला ‘डेअर’ देण्याचा मोह इथे आवरावा लागतो.

उरली गेनिटिफ, आपला ‘चा, ची, चे’. बोलताना जर्मन माणसं अनेकदा तिच्याऐवजी ‘फोन’ हा शब्द आणि डाटिफ वापरतात, त्यामुळे सुरुवातीला तिच्यावाचून संभाषण चालतं. छापील फॉर्मवर मात्र ती हटकून भेटते. ‘नामे डेस फाटर्स’ म्हणजे वडिलांचं नाव. ‘उंटरश्रिफ्ट डेस आन्ट्राकश्टेलर्स’ म्हणजे अर्जदाराची सही. पुल्लिंगी नामाआधी ‘डेस’ येतं आणि नामाच्या शेवटी ‘स’ लागतो. क्रम मात्र मराठीच्या उलट असतो: आधी सही, मग ती कोणाची. त्यामुळे अशी ओळ वाचताना ‘डेस’पाशी थांबून मागून पुढे वाचलं की कोणत्या रकान्यात काय लिहायचं ते कळतं.