दारू सुटली, केस का गळतायत?

गटारी आटोपली की पुष्कळ घरांत बाटली कपाटात जाते आणि श्रावण संपल्याशिवाय, काही ठिकाणी गणपती बोळवल्याशिवाय, बाहेर येत नाही. एवढ्या काळात यकृत बरंच सावरतं. नुसती चरबी साठलेली असेल आणि व्रण पडलेले नसतील, तर पूर्ण बंदीनंतर चार ते सहा आठवड्यांत ती बऱ्यापैकी उतरते. केसांचं मात्र तसं होत नाही. महिनाभर थेंब घेतला नाही तरी उशीवर, टॉवेलवर, न्हाणीघराच्या जाळीवर केस तेवढेच. मग माणूस म्हणतो, केसांचा आणि दारूचा काही संबंध नसावा.

संबंध आहे, पण लोक समजतात तसा नाही. ‘दारूने टक्कल पडतं’ असं सरसकट म्हणणं चूक. कोणते केस, डोक्यावर कुठले आणि कधी गळाले, हे पाहिल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

डोक्यावर साधारण लाखभर केस असतात. त्यातले ८५ ते ९० टक्के वाढीच्या अवस्थेत असतात आणि ही अवस्था दोन ते सहा वर्षं चालते. उरलेले विश्रांतीत. विश्रांतीतला केस तीन महिने नुसता मुळाशी अडकून राहतो आणि मग गळतो. रोज ५० ते १०० केस जातात ते हेच. शरीरावर मोठा घाला आला, म्हणजे कडक ताप, बाळंतपण, मोठं ऑपरेशन किंवा झपाट्याने उतरलेलं वजन, की वाढीतले पुष्कळ केस एकदम विश्रांतीत ढकलले जातात. त्या दिवशी काहीच दिसत नाही. ते गळतात दोन-तीन महिन्यांनी, सगळे एका हंगामात. अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ आल्बर्ट क्लिगमन यांनी १९६१ साली या प्रकाराचं सविस्तर वर्णन केलं. टेलोजेन एफ्लुव्हियम हे त्याचं डॉक्टरी नाव. भरपूर पिणाऱ्यांचे केस विरळ होतात ते बहुतेक या वाटेने.

आता दारू हा घाला कसा घालते ते पाहू. एक क्वार्टर म्हणजे १८० मिली. आपल्याकडच्या व्हिस्की-रमची तीव्रता साधारण ४२.८ टक्के. म्हणजे एका क्वार्टरमध्ये सुमारे ६१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल आणि त्यातून सव्वाचारशे कॅलरी. प्रथिनं शून्य, झिंक शून्य, जीवनसत्त्वं शून्य. पोट भरल्यासारखं होतं, सोबत शेव-फरसाणाचा चखणा होतो, आणि घरी झाकून ठेवलेलं ताट सकाळपर्यंत तसंच राहतं. केस जवळजवळ सगळा प्रथिनांचाच, आणि त्याच्या मुळातल्या पेशी शरीरात सर्वांत झपाट्याने विभागणाऱ्या पेशींपैकी. तंगी आली की शरीर काटकसर सुरू करतं ती अशा बिनजरुरी कामापासून. केस गेले म्हणून कोणी मरत नाही.

खाणं कमी होणं हा अर्धाच भाग. जे खाल्लं जातं तेही टिकत नाही. झिंकचं उदाहरण घ्या. अल्कोहोलमुळे आतड्यातून झिंक कमी शोषलं जातं आणि लघवीवाटे जास्त बाहेर पडतं. यकृत निबर झालेल्या रुग्णांत तर त्याची कमतरता नेहमीची. केस विरळ होतात, जेवणाला चव लागत नाही, तोंडाच्या कडेला कातडी लाल होऊन सोलते, जखमा लवकर भरत नाहीत. चवच लागत नाही म्हणून माणूस आणखी कमी जेवतो. फोलेटचंही तसंच; ते कमी पडलं की तांबड्या पेशी आकाराने मोठ्या होतात. साध्या सीबीसीच्या रिपोर्टमध्ये एमसीव्ही नावाचा आकडा शंभरच्या वर गेलेला दिसतो आणि अनुभवी डॉक्टर तेवढ्यावरूनच विचारतात, रोज किती घेता?

लोहाचं प्रकरण उलटं आहे. केस गळतायत म्हटलं की घरोघरी लोहाचं टॉनिक सुचवलं जातं. पण रोजच्या भरपूर पिण्याने शरीर लोह उलट जास्त शोषून घेतं आणि ते यकृतात साठतं. यकृताला सूज असली की फेरिटिनही वाढतं. म्हणून पिणाऱ्याचं फेरिटिन चांगलं आलं तर ‘लोह भरपूर आहे’ असा अर्थ निघत नाही, आणि वाढलेलं असताना वरून लोहाच्या गोळ्या घेणं यकृताला घातक ठरू शकतं. अल्सर, मूळव्याध किंवा अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांतून रक्त जात असेल तर खरी कमतरता होते. तेव्हा फेरिटिनच्या जोडीला ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन पाहून मगच ठरवावं लागतं.

राहिले हार्मोन, आणि इथे सर्वांत जास्त गोंधळ आहे. ‘दारूने पुरुषी हार्मोन बिघडतात म्हणून टक्कल पडतं’ असं छातीठोकपणे सांगितलं जातं. पहिला भाग खरा आहे. दीर्घकाळ भरपूर पिण्याने टेस्टोस्टेरॉन उतरतं, इस्ट्रोजेनचं पारडं जड होतं. यकृताच्या जुन्या रुग्णाला शर्ट काढायला सांगा. छातीवर कोळ्याच्या पायांसारख्या बारीक लाल शिरा, तळवे लालबुंद, स्तन किंचित वाढलेले, आणि छाती-काखेतले केस विरळ. डोकं मात्र बरेचदा भरलेलं. याचं कारण असं की पुरुषांचं कपाळाच्या कोपऱ्यांतून आणि टाळूवरून सरकणारं टक्कल पुरुषी हार्मोनमुळेच पडतं. अमेरिकेतले जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये दाखवलं, की वयात येण्याआधी वृषणं काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही. घराण्यात टक्कल असलेल्या अशांना टेस्टोस्टेरॉन दिलं तर मात्र पडायला लागतं. तेव्हा टेस्टोस्टेरॉन उतरल्याने कोपरे मागे सरकतील, हे गणितच उलटं. दारू आणि वंशपरंपरेचं टक्कल यांचा संबंध शोधणाऱ्या पाहण्या झाल्या आहेत, पण त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. हार्मोनच्या फेऱ्यात जातात ते मुख्यतः अंगावरचे केस.

आता एक कल्पित रुग्ण घेऊ. वय ४२, वजन ६८ किलो, दहा वर्षं रोज क्वार्टर. आषाढाच्या सुरुवातीला डोळे पिवळे झाले, आठवडाभर दवाखान्यात काढला, दारू त्या दिवसापासून बंद. घरी आल्यावर कावीळ म्हणून कडक पथ्य: उसाचा रस, मऊ भात, फिकं वरण, तेल, अंडं, मटण वर्ज्य. महिन्यात नऊ किलो उतरले. ही आपली जुनी रीत आहे आणि यकृताच्या अशा रुग्णाला ती महागात पडते. आजचे तज्ज्ञ त्याला वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं द्यायला सांगतात, म्हणजे याला ऐंशी ग्रॅमच्या वर. पथ्याच्या ताटात त्याच्या निम्मीही नव्हती.

श्रावण गेला, भाद्रपद गेला, केस ठीक. दसऱ्याच्या सुमारास डोक्यावरून हात फिरवला की मूठभर हातात. रोज दोन-तीनशे केस. आता तो बायकोला म्हणतो, “पीत होतो तेव्हा केस जाग्यावर होते, सोडली आणि बघ!” मधले तीन महिने मोजले की उलगडा होतो. आत्ता गळणारे केस आषाढातल्या कावीळीत, उपासमारीत आणि वजन उतरण्यात विश्रांतीत गेलेले आहेत. दारू सोडण्याचा त्यांच्याशी संबंध एवढाच, की दोन्ही एकाच आठवड्यात घडलं.

हे घरी ताडून पाहता येतं. गळालेला केस उजेडात धरा. मुळाशी टाचणीच्या डोक्याहून बारीक, पांढरी, कोरडी गाठ दिसली तर तो विश्रांती पुरी करून गळालेला केस. मग एक दिवस न धुतलेल्या डोक्यावर साठेक केसांची बट चिमटीत धरून मुळापासून टोकापर्यंत हळू ओढा. सहापेक्षा जास्त निघाले, आणि डोक्याच्या चारही बाजूंना तसंच झालं, तर हीच गळती. बट ओढून फारसं काही येत नाही, पण कोपरे मागे गेलेत, टाळू दिसते आणि तिथले उरलेले केस लव्हेसारखे बारीक झालेत, तर ते वेगळं प्रकरण.

आपल्या माणसाचं पुढे काय होतं? टेस्टोस्टेरॉन, यकृतात व्रण पडले नसतील तर, काही आठवड्यांत वर यायला लागतं. तांबडी पेशी सुमारे चार महिने जगते, म्हणून एमसीव्ही तेवढ्या काळात खाली येतो. झिंक पोटभर जेवणाने भरून निघतं: अंडी, मटण, हरभरा, तीळ, शेंगदाणे. संक्रांतीपर्यंत गळती ओसरते आणि कपाळाच्या कडेला बोटभराहून आखूड, टोकाला निमुळते केस उभे राहिलेले दिसतात. केस महिन्याला सुमारे एक सेंटीमीटर वाढतो, त्यामुळे भांग पुन्हा भरलेला दिसायला पुढचा आषाढ उजाडतो. ज्याची गळती एकाच घाल्याने आलेली नसते, जो वर्षानुवर्षं अर्धपोटी पीत आलेला असतो, त्याला याहून जास्त वेळ लागतो.

या मधल्या काळात बाजारातल्या गोळ्यांचा मोह होतो. बायोटिनची कमतरता पिणाऱ्यांत आढळू शकते, पण त्याच्या मोठ्या मात्रेने थायरॉइडचे आणि हृदयविकाराच्या ट्रोपोनिन तपासणीचे आकडे चुकू शकतात; रक्त देण्याआधी ते घेत असल्याचं सांगावं. झिंक महिनोन्महिने दिवसाला ४० मिलिग्रॅमच्या वर गेलं तर तांबं कमी पडून नवाच अशक्तपणा येतो. अ जीवनसत्त्व जास्त झालं तर यकृतही बिघडतं आणि केसही गळतात. सेलेनियमचंही तेच. बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या गावांत डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ मध्ये लोकांचे केस एकाएकी गेले, तेव्हा रक्तात सेलेनियम वाढलेलं आढळलं होतं. ‘केसांसाठी’ म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच मिश्र गोळ्यांत हे सगळे घटक एकत्र असतात.

रोज क्वार्टर किंवा त्याहून जास्त घेणाऱ्याने केसांच्या काळजीने एकदम, घरच्या घरी बंद करू नये. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत हातपाय कापणं, भास होणं, बरळणं सुरू होऊ शकतं, आणि ते जिवावरही बेतू शकतं. डॉक्टरच्या देखरेखीत औषधं आणि बी-१ चं इंजेक्शन देऊन हे दिवस निभावता येतात.

आणि काही गोष्टी परत येत नाहीत. यकृत निबर झालं असेल आणि वृषणं आक्रसली असतील, तर छातीचे, काखेचे केस पूर्वीसारखे होतीलच असं नाही. आपल्या माणसाचे कपाळाचे कोपरे तिशीपासून, वडिलांसारखेच, मागे चालले होते. ते दारू सोडून पुढे येणार नाहीत. त्यावर मिनॉक्सिडिल किंवा फिनास्टराइड हे वेगळे उपचार आहेत, आणि फिनास्टराइड यकृतातच पचतं, म्हणून कावीळ होऊन गेल्याचं त्वचेच्या डॉक्टरला आधी सांगायला हवं. दारू बंद आहे, जेवण नीट आहे आणि तरी नऊ महिन्यांनंतर चारही बाजूंची गळती थांबली नाही, तर कारण दारूत शोधत बसू नये; थायरॉइड तपासून घ्यावा.