रात्री साडेआठला दारात पोलीस आले तर?

१ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३नुसार सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थिती असेल, तरच मुभा. तेव्हाही महिला पोलीस अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यायची असते. म्हणजे साडेआठला दारात आलेल्यांना ‘परवानगी दाखवा’ असं शांतपणे विचारता येतं. नुसती सोबत महिला शिपाई आणली, एवढ्यावर भागत नाही, आणि गफलत नेमकी इथेच होते.

दिवसा अटक करतानाही ‘तुम्हाला अटक केली आहे’ असं तोंडी सांगणं सहसा पुरतं. पुरुष पोलिसाने हात लावायचा नाही. अंगझडती स्त्रीनेच, मर्यादा राखून घ्यायची. साक्षीदार म्हणून जबाब हवा असेल, तर पोलिसांनी घरी यायचं. हे संरक्षण संशयित म्हणून नोटीस आलेल्या स्त्रीला मात्र नाही.

रात्रीचा नियम मोडला म्हणून अटक आपोआप रद्द होते, असंही समजू नये. २०२५मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ही तरतूद निर्देशात्मक ठरवली. मात्र ती का पाळली नाही, याचा खुलासा अधिकाऱ्याला द्यावा लागतो.