सिम बंद करण्याआधी नंबर मोकळा करा

पिरंगुटच्या बचत गटांच्या बैठकीत गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून आला, म्हणून आज त्याच्याविषयीच बोलू. जुना मोबाईल नंबर सोडून दिला, की त्या नंबरवरच्या व्हॉट्सअॅपचं काय होतं?

आधी आमच्याच एका गटात काय घडलं ते सांगतो. आमच्या सचिव ताईंकडे दोन सिमचा फोन आहे. दोन्हींचा रिचार्ज परवडेना, म्हणून त्यांनी नोव्हेंबरात जुन्या सिमचा रिचार्ज थांबवला. व्हॉट्सअॅप जुन्याच नंबरवर होतं, पण ते नव्या सिमच्या नेटवर सुरळीत चालत राहिलं. हप्त्यांच्या पावत्या, पासबुकाचे फोटो, कर्जासाठी बायकांनी पाठवलेली आधार कार्डं, सगळं तिथंच येत होतं. ताई म्हणायच्या, "सिम बंद झालं तर झालं, व्हॉट्सअॅप चालतंय ना!"

पुढं जून महिन्यात एक दिवस त्यांचं व्हॉट्सअॅप आपोआप बंद झालं. हा नंबर आता या फोनवर नोंदलेला नाही, अशी सूचना आली. ताईंना वाटलं, अॅप बिघडलं. त्यांनी नवा नंबर टाकून व्हॉट्सअॅप पुन्हा सुरू केलं आणि अध्यक्ष ताईंनी त्यांना ग्रुपमध्ये परत घेतलं. जुना नंबर ग्रुपमधून काढायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आठ दिवसांनी त्या जुन्या नंबरवरून ग्रुपमध्ये मेसेज आला, "मॅडम, मला तुमच्या गटाचे मेसेज का येतात? हे सिम मी नवीन घेतलंय." त्या आठ दिवसांत दोघींनी आपल्या पासबुकाचे फोटो ग्रुपवर टाकले होते. मुलगा भला होता, म्हणून त्यानं सांगितलं तरी.

यात चोरी कुणीच केली नव्हती. मोबाईल नंबर आपल्या मालकीचा नसतो, कंपनीनं वापरायला दिलेला असतो. नव्वद दिवस त्यावरून फोन, मेसेज, नेट काहीच झालं नाही, तर कंपनी तो बंद करू शकते. बंद झाल्यावर निदान आणखी नव्वद दिवस तो कुणाला देत नाहीत, आणि मग नव्या ग्राहकाला मिळू शकतो. नोव्हेंबर 2023 मध्ये हा विषय सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. तेव्हा ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, हाच नव्वद दिवसांचा नियम सांगितला. नंबर सोडताना आपली माहिती आपणच काढून घ्यायची, असं न्यायालयाचंही म्हणणं पडलं. ताईंचा नोव्हेंबर ते जून हा हिशोब इथं बरोबर बसतो.

आता खरी गोम ऐका. ताईंच्या वेळी व्हॉट्सअॅप सिम बघत नव्हतं. सुरुवातीला सहा आकडी कोड विचारायचं, आणि एकदा तो दिला की सिम पेटीत पडलेलं असलं तरी चालत राहायचं. एखादं खातं पंचेचाळीस दिवस वापरलंच नाही आणि मग ते दुसऱ्या फोनवर सुरू झालं, तर नंबर नव्या माणसाकडे गेला असं समजून कंपनी जुना फोटो आणि माहिती काढून टाकते. पण आपण जुन्या नंबरवर रोज व्हॉट्सअॅप चालवत असलो, तर खातं चालूच दिसतं आणि ही सफाई होत नाही. नव्या माणसानं सिम घालून कोड टाकला की आपल्या फोनवरचं बंद होतं आणि त्याच्याकडे सुरू होतं. आपले जुने मेसेज त्याला दिसत नाहीत, कारण ते आपल्या फोनमध्ये असतात. पण ग्रुपमधलं आपलं नाव तसंच राहतं, आणि तिथून पुढचा प्रत्येक मेसेज त्याला मिळतो.

मोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. 2025 मध्ये क्रिकेटपटू रजत पाटीदारचा बंद झालेला नंबर छत्तीसगडमधल्या एका खेड्यातल्या तरुणाला मिळाला. त्यानं व्हॉट्सअॅप सुरू केलं तर पाटीदारचाच फोटो दिसला, आणि नामवंत खेळाडूंचे फोन त्याला येऊ लागले.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी नंबर मोकळा करायचा, मग सिम सोडायचं. जुनं सिम चालू असतानाच हे करा, म्हणजे मध्येच कोड लागला तर तो मिळेल. व्हॉट्सअॅपमध्ये Settings उघडा, त्यात Account, मग Change number. तिथं वर जुना आणि खाली नवा नंबर भरा. नव्या नंबरवर कोड येईल, तो टाका. यानं ग्रुप आणि मेसेज नव्या नंबरवर येतात आणि जुन्या नंबरचं खातं पुसलं जातं. कोणाकोणाला कळवायचं हेही ते विचारतं, तेव्हा ओळखीच्यांना कळवा.

नवा नंबर घ्यायचाच नसेल, तर त्याच Account मध्ये Delete account आहे. पण ते परत फिरवता येत नाही. ग्रुप सुटतात, मेसेज जातात. म्हणून हिशोबाचे फोटो आधी वेगळे ठेवा, आणि तुम्ही ग्रुपच्या अॅडमिन असाल तर आधी दुसऱ्या ताईला अॅडमिन करा. नुसतं अॅप फोनमधून काढून टाकणं म्हणजे खातं बंद करणं नव्हे. ही चूक फार जणी करतात.

टेलिग्राम वापरत असाल तर जास्त जपा. तिथले साधे मेसेज कंपनीच्या सर्व्हरवर असतात, त्यामुळं कोड हातात आलेल्या माणसाला जुनं बोलणंही दिसू शकतं. तिथंही नंबर बदलायची सोय आहे. शिवाय Two-Step Verification चा पासवर्ड लावून ठेवा, म्हणजे नुसत्या कोडवर खातं उघडत नाही. फेसबुक आणि जीमेलमध्येही पासवर्ड विसरल्यावर कोड जुन्या नंबरवर जाऊ शकतो, म्हणून तिथून जुना नंबर काढा. बँकेतला नंबर शाखेत जाऊन आणि आधारचा आधार केंद्रात जाऊन सिम चालू असतानाच बदला.

आणि सिम आधीच गेलं असेल तर? जुन्या नंबरचं व्हॉट्सअॅप फोनवर अजून चालू असेल तर लगेच Change number करा; ते बंद झालं असेल तर त्याचा उपयोग नाही. अॅडमिनला सांगून जुना नंबर प्रत्येक ग्रुपमधून काढायला लावा, आणि ज्यांच्याशी पैशाचे व्यवहार आहेत त्यांना फोन करून कळवा. आम्ही आता दर महिन्याच्या बैठकीत, हप्ते गोळा झाले की, ग्रुपची यादी उघडून एकेक नंबर वाचतो. "हा कुणाचा?" याला उत्तर आलं नाही, तर तो नंबर तिथल्या तिथं काढतो. सचिव ताईच यादी वाचतात. गेल्या वेळी असे दोन नंबर निघाले.